रस्ता हवाच!

कुरिअरच्या स्लिपवर लिहिलेलं असतं: ‘अमुक नंबर, सदाशिव पेठ, भिकारदास मारुतीजवळ, जिन्याखालून आत, पुणे ३०’. पोस्टमनला एवढं पुरतं. संगणकाला मात्र चार रकाने भरून हवेत आणि त्यातला पहिलाच ‘रस्ता’. पेठेत घराचा नंबर पेठेचा असतो, रस्त्याचा नव्हे. पण रकाना सक्तीचा, म्हणून ऑपरेटर तिथे मारुतीला बसवतो. ‘जिन्याखालून आत’ला रकानाच नाही. दार नेमकं त्याच शब्दांनी सापडतं, आणि नेमके तेवढेच शब्द गळतात.

पत्ता शहाण्याने शेवटाकडून वाचावा. ‘पुणे ३०’ म्हणजे ४११०३०. पहिले तीन आकडे पुण्याचे, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयाचे. घाईत शेवटच्या शून्याला शेंडी फुटली की झालं ४११०३६, म्हणजे मुंढवा. शहर पुणेच राहतं, त्यामुळे तपासणीत सगळं हिरवंगार. पिन आणि पेठ एकमेकांना ओळखतात का, हे कुणी विचारत नाही.

पार्सल मुंढव्याची हवा खाऊन ‘पत्ता अपूर्ण’ असा शेरा घेऊन परततं. अपूर्ण कसला? त्यात तर एक रस्ता जास्तीचा आहे!