पिवळा, गुलाबी, निळा, काळा आणि मुख्याध्यापक

आमच्या तलासरीत माणसाचा कागदावरचा विश्वास उडाला, याला पावसाळा जबाबदार आहे. जून ते सप्टेंबर खिशातला कोणताही कागद हा तात्पुरताच असतो. इथून रोज सकाळी उमरगावला, वापीला कारखान्यात जाणाऱ्या माणसाला राज्याची हद्द ओलांडून गेटवरच्या वॉचमनला ‘मी तोच आहे’ हे पटवावं लागतं, आणि वॉचमन लगद्याकडे बघून कुणाला आत सोडत नाही. त्यामुळे माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येणाऱ्यांची मागणी ठरलेली: “प्लॅस्टिकवालं करून द्या.” काय करून द्यायचं, ते नंतर ठरतं. एक आजोबा सातबारा घेऊन आले होते.

आधार मात्र मी छापत नाही. आधार प्राधिकरणाने २०२० साली स्वतःच पीव्हीसी कार्ड घरपोच पाठवायला सुरुवात केली. पुढे जानेवारी २०२२ मध्ये, बाजारात छापलेली प्लॅस्टिकची कार्डं वापरू नका, त्यांत सुरक्षेच्या खुणा नसतात, असंही जाहीर केलं. हे सगळं मी गिऱ्हाइकाला नीट समजावून सांगतो. तो शांतपणे ऐकून घेतो आणि पलीकडच्या दुकानात जातो.

माझं काम शाळांचं, ठेकेदारांचं आणि चैत्रात महालक्ष्मीच्या यात्रेतल्या स्वयंसेवकांचं. पूर्वी ही कार्डं ड्रॅगन शीटवर छापून, गरम यंत्रात दाबून, पंचाने कापून काढायचो. एका पावसाळ्यात त्यांचे कोपरे उकलायचे आणि कार्डाची पानं होऊन पुस्तिका तयार व्हायची. म्हणून फक्त कार्डंच छापणारा प्रिंटर घेतला. आकाराने पोळ्यांच्या डब्याएवढा, मिजास मात्र जिल्हाधिकाऱ्याची.

त्याची पहिली अट कार्डाबद्दल. एटीएम कार्डाचा जो आकार तोच हवा: ८५.६ बाय ५४ मिलिमीटर, जाडी ०.७६. कोऱ्या कार्डांचा गठ्ठा पाकिटातून काढला की कार्डं एकमेकांना घट्ट चिकटलेली असतात. ती पत्त्यांसारखी पिसायची नाहीत, नुसती कडेने धरून फुलवायची आणि मग ट्रेमध्ये ठेवायची. ट्रेच्या तोंडाशी एक बारीक फट असते. ती अशी लावायची की एक कार्ड जाईल आणि दोन अडतील. फट सैल राहिली तर जोडीने कार्डं आत शिरतात आणि मध्येच अडकून बसतात.

दुसरी अट बोटांबद्दल. कार्डाच्या पृष्ठभागाला बोट लागलं तर तेवढ्या जागी रंग धरत नाही. हे माझ्या भाच्याला मी तोंडाने सांगून थकलो होतो. एकदा तो मस्कापाव खाऊन थेट कार्डं भरायला बसला. त्या गठ्ठ्यातलं पहिलं कार्ड बाहेर आलं, तेव्हा एका ठेकेदाराच्या गालावर भाच्याच्या अंगठ्याचा ठसा स्पष्ट, रेषांसकट उमटला होता. “मामा, हे तर बायोमेट्रिक झालं!” असं म्हणून तो हात धुवायला गेला.

तर एका जूनमध्ये डहाणू तालुक्यातल्या एका आश्रमशाळेचं काम आलं. मुलं १९०. रिबनच्या खोक्यावर लिहिलेलं, २०० कार्डं. मुख्याध्यापकांनी लगेच हिशेब केला, “म्हणजे १० जादा. त्यात शिक्षकांची बसवून टाका.” मी त्यांना रिबन उलगडून दाखवली. तिच्यावर कार्डाएवढे पट्टे एकामागून एक असतात: पिवळा, गुलाबी, निळा, काळा आणि शेवटी पारदर्शक. कार्ड छपाईच्या हेडखालून पुढेमागे जातं, दर फेरीला एक पट्टा. पहिले तीन रंग उष्णतेने वाफ होऊन प्लॅस्टिकमध्ये मुरतात. जितकं तापवाल तितका रंग गडद, त्यामुळे फोटो मऊ दिसतो. काळा मुरत नाही, जसाच्या तसा वर चिकटतो, म्हणून अक्षरं धारदार येतात. पारदर्शक थर वरून संरक्षण करतो.

सरांना एवढं विज्ञान नको होतं. त्यांचा मुद्दा वेगळाच होता. “तीन मुलांचे फोटोच आलेले नाहीत. त्यांची नुसती नावं छापा. रंग वाचतील, तेवढे पैसे कमी करा.”

“सर, कार्डावर नुसतं टिंब छापलं तरी पाचही पट्टे पुढे सरकतात. वापरला नाही म्हणून पट्टा परत मिळत नाही.”

“हे म्हणजे एसटीचं तिकीट झालं.”

“आणि तपासणीसाठी काढलेलं कार्डही मोजलं जातं. एकही बिघडलं नाही, तरच १० जादा.”

सर गप्प झाले. मग म्हणाले, “मागे पत्ता छापाल त्याचंही तसंच का?” तिथे मात्र मी त्यांना खूश केलं. मागची बाजू फक्त काळ्यात होती. तिच्यासाठी नुसत्या काळ्या रंगाची वेगळी रिबन मिळते, हजारावर कार्डं काढणारी आणि रंगीतपेक्षा कितीतरी स्वस्त. सगळ्यांच्या पाठीमागे पत्ता सारखाच, तेव्हा आधी पाठ छापून घेतली, मग रंगीत रिबन चढवली.

पहिलं कार्ड आलं आणि मुलीच्या नावाची अक्षरं तपकिरी निघाली. कडेला गुलाबी झालर, रफार आणि मात्रा एकमेकांत मिसळलेल्या. लेखनिक भाऊसाहेबांनी सगळं कार्डच, नावासकट, जेपीजी चित्र करून व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. प्रिंटर काळा पट्टा फक्त पूर्ण काळ्याला वापरतो. जेपीजी दाबून लहान झाली की काळ्यात इतर रंगांची भेसळ होते. मग यंत्र ते नाव फोटोचाच भाग समजून पिवळा, गुलाबी, निळा एकत्र करून रंगवतं. उपाय सोपा आहे: नावं एक्सेलमध्ये वेगळी घ्यायची, फोटो वेगळे, आणि कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोघांची गाठ घालायची. हे सांगितल्यावर भाऊसाहेबांनी एक्सेलच्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला.

खरी यादी आली तेव्हा आणखी एक गंमत. ड्रायव्हरमध्ये काळा पट्टा ‘सगळीकडे’ वापरायची सोय असते आणि भाच्याने ती सुरू केलेली. अक्षरं उत्तम आली, पण फोटोतल्या केसांवरही तो काळा चिकटला. आश्रमशाळेतली सगळी मुलं नाटकातला टोप घालून बसल्यासारखी दिसू लागली. काळा फक्त अक्षरांपुरता ठेवला आणि पोरांचे केस परत आले.

आता सरांचा जिव्हाळ्याचा विषय: चौकट. त्यांनी कार्डाच्या कडेपासून एक मिलिमीटर आत चारी बाजूंनी लाल रेघ मारून आणली होती. कार्ड छापणाऱ्या माणसाला त्या लाल रेघेपेक्षा बिबट्या परवडतो. कार्ड आत जाताना अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होणारच. चौकट नसेल तर ते कुणाला कळतही नाही. चौकट असली की एका बाजूला अर्धा मिलिमीटर उरतो, समोर दीड, आणि कार्ड वाकडं छापल्याची तक्रार येते. मी म्हणालो, “सर, चौकट काढूया.” सर म्हणाले, “शाळेची शिस्त आहे.”

मग शिस्त लावणं आलं. यंत्राचा मिलिमीटर साधारण १२ ठिपक्यांचा. सगळ्या कार्डांवर छपाई एकाच बाजूला, सारखीच सरकलेली दिसली तर ड्रायव्हरमधला एक्स किंवा वाय ऑफसेट तेवढे ठिपके बदलायचा. आमची चौकट अर्धा मिलिमीटर डावीकडे होती, ६ ठिपके उजवीकडे ढकलली, बसली. पण चाळिसेक कार्डांनंतर वेगळंच दिसू लागलं. एका मुलाच्या डोळ्यांना गुलाबी सावली, पुढच्याच्या ओठांना पिवळी, तिसरं ठीक. दर कार्डाला वेगळी खोड असेल तर ऑफसेटला हात लावायचा नाही. त्याचा अर्थ, रुळांवर धूळ बसली आहे आणि पुढेमागे जाताना कार्ड घसरतं आहे, म्हणून एका रंगावर दुसरा बसत नाही. अल्कोहोल लावलेलं सफाईचं कार्ड आतून फिरवलं, ते काळंकुट्ट होऊन आलं. हमरस्त्याला लागून दुकान आहे, मुंबई-अहमदाबाद मार्गावरची अर्धी धूळ माझ्याकडे मुक्कामाला असते. आता रिबन बदलली की सफाई, असा नेम केला आहे.

एवढ्यात कोरी कार्डं संपली. भाचा गोदामातून दुसरं पाकीट घेऊन आला. तीही पांढरी, तीही त्याच मापाची, पण इंकजेट प्रिंटरसाठीची. त्यांच्यावर शाई शोषायचा लेप असतो. आमच्या प्रिंटरमध्ये ती गेली, तापलेली रिबन लेपाला चिकटली आणि फट् असा आवाज होऊन तुटली. रिबन तुटली म्हणून संपत नाही. पुढचं टोक चिकटपट्टीने रिकाम्या रिळाला सरळ जोडायचं, जोड हेडच्या पलीकडे जाईल इतकं गुंडाळायचं, झाकण लावायचं. यंत्र आपणहून पुढचा पिवळा पट्टा शोधून घेतं. जोडताना तिरकी गेली तर मात्र सुरकुती पडते आणि पुढच्या कार्डावर तिरपी पांढरी रेघ येते.

शेवटी गळ्यात अडकवायचं भोक. सरांचं म्हणणं, आधीच भोक पाडलेली कार्डं घेतली असती तर वेळ वाचला असता. भोकाच्या कडेवर हेड आदळतं, आणि हेड गेलं की सगळ्या कार्डांवर एकाच जागी आडवी पांढरी रेघ कायमची. हेडची किंमत मी सरांना सांगितली. त्यांनी स्वतः पंच हातात घेतला आणि छापून झालेल्या कार्डांना भोकं पाडून दिली.

१० जादापैकी एकही उरलं नाही. शिक्षकांची ओळखपत्रं पुढच्या रिबनवर गेली.

संपलेली रिबन भाच्याला गणपतीच्या मखराला हवी होती, चमकते म्हणून. मी ती उजेडात धरायला सांगितली. प्रत्येक काळ्या पट्ट्यातून जेवढी अक्षरं कार्डावर गेली तेवढी जागा पारदर्शक झालेली असते. १९० मुलांची नावं, जन्मतारखा, पालकांचे मोबाइल नंबर, सगळं ओळीने वाचता येत होतं. रंगीत पट्ट्यांवर चेहरेही होते, उलट्या छटेतले. भाचा पाहतच राहिला. मग आम्ही दोघांनी कात्रीने तिचे बारीक तुकडे केले, त्याला कार्डं छापण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

म्हणून शाळांना एक सांगणं आहे. ओळखपत्रं कुठेही छापून घ्या, माझ्याकडेच या असं नाही. फक्त कार्डं ताब्यात घेताना वापरलेली रिबनही मागून घ्या. दुकानदाराला ती कचराच असते, तो एका शब्दाने देईल.