चाळीस नंबरचा पाइप

तालुक्याच्या गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात पाइपांच्या रॅकपाशी उभे राहिले की आकड्यांची जत्रा भरल्यासारखी वाटते. पांढऱ्या पाइपवर शेड्यूल ४०, गिझरच्या पिवळट पाइपवर एसडीआर ११, शेतीच्या राखाडी पाइपवर ४ केजी. आकडा मोठा तो माल भारी, हा आपला बालपणापासूनचा समज. शेड्यूलच्या बाबतीत तो चालून जातो, कारण ८० हा ४० पेक्षा जाड असतोच. एसडीआरमध्ये मात्र गंगा उलटी वाहते. तिथे ४१ सगळ्यात लेचापेचा, २६ बरा आणि ११ पैलवान. गिऱ्हाइकाने "अकरा नको, जरा वरचा दाखवा" म्हटले की दुकानदाराने मनातल्या मनात हसावे आणि हलका माल काढून द्यावा, असा हा मामला आहे.

त्यात मापेही थापा मारतात. अर्धा इंची पाइपमध्ये अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, कुठेच सापडत नाही. बाहेरचा व्यास २१.३ मिलिमीटर आणि शेड्यूल ४० असेल तर आतले भोक साधारण १५.८. बाहेरचा व्यास कायम ठेवायचा, म्हणजे एल्बो, टी, कपलर सगळे बसतात, आणि जाडी वाढवायची ती आतल्या बाजूला. त्यामुळे ८० चा पाइप घेतला की भोक उतरून १४ मिलिमीटरच्या आत येते. जास्त पैसे मोजून कमी पाणी घ्यायची ही शास्त्रशुद्ध पद्धत आहे.

पण खरी गंमत पुढेच आहे. शेड्यूल ४० चा अर्धा इंची पाइप हातात घ्या, त्याची भिंत २.७७ मिलिमीटर. शेजारचा चार इंची घ्या, शेड्यूल तोच, भिंत ६.०२. दुपटीहून जाड! साहजिकच वाटते की हा जास्त दाब सोसेल. अमेरिकन मानकाच्या पीव्हीसी पाइपवर छापलेले वाचा: अर्धा इंचीवर ६०० पीएसआय, चार इंचीवर २२०. बारा इंचीवर तर १३०, आणि त्याची भिंत दहा मिलिमीटरच्या वर आहे. नाव एक, कुळ एक, कुवत मात्र जवळजवळ पाचपटीने वेगळी.

याचे कारण पाइपच्या पोटात आहे. पाणी भिंतीला चहूबाजूंनी बाहेर ढकलते, आणि पोट जितके मोठे तितके ढकलायला क्षेत्र जास्त. किडकिडीत माणसाच्या कंबरेला साधा पट्टा पुरतो, ढेरपोट्याला तोच पट्टा जेवणानंतर तुटतो. म्हणून नुसती जाडी विचारून भागत नाही, पोटाच्या मानाने जाडी किती ते विचारावे लागते. एसडीआर म्हणजे नेमके हेच: बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी. भागाकार मोठा आला म्हणजे पोटाच्या मानाने भिंत पातळ. आकडा उलटा का चालतो, ते इथे कळते.

आणि यातला हिशोब इतका सोपा आहे की दुकानाच्या बिलाच्या मागे मांडता येतो. अमेरिकन मानकातले नेहमीचे पीव्हीसी असेल तर एसडीआरमधून एक वजा करा आणि ४००० ला त्याने भागा. एसडीआर २६ असेल तर ४००० भागिले २५, म्हणजे १६० पीएसआय. २१ ला २००. ४१ ला १००. पाइप पाऊण इंची असो की आठ इंची, उत्तर बदलत नाही. आता हीच फूटपट्टी शेड्यूलला लावा. अर्धा इंचीचा व्यास भागिले जाडी केले की ७.७ येतात, चार इंचीचे १९, बारा इंचीचे ३१ च्या पुढे. म्हणजे शेड्यूल ४० या एका नावाखाली वेगवेगळे एसडीआर गुण्यागोविंदाने राहतात. शेड्यूल मुळात लोखंडी पाइपांचे. लोखंडाला आटे पाडायचे असतात, गंज गृहीत धरायचा असतो, आणि त्यासाठी लागणारी जाडी लहान पाइपला काही व्यासाच्या प्रमाणात कमी लागत नाही. म्हणून लहान पाइप दणकट निघतात. प्लॅस्टिकने ते माप जसेच्या तसे वारशाने घेतले. वारसा म्हटला की थोडा अडगळीचा भागही आलाच.

एसडीआर प्रामाणिक आहे, पण तोही एकटा पुरेसा नाही. सीपीव्हीसीचा एसडीआर ११ पाइप २३ अंशांना ४०० पीएसआय सोसतो आणि ८२ अंशांच्या पाण्याला फक्त १००. पीई १०० जातीच्या एचडीपीई पाइपचा एसडीआर तोच ११, पण दाब १६ बार, म्हणजे सुमारे २३२ पीएसआय. साधे पीव्हीसी तर उन्हाने फारच लवकर हातपाय गाळते: ४९ अंशांना त्याची ताकद चाळीस टक्क्यांवर येते. विदर्भातल्या गच्चीवर मे महिन्यात उघडा पडलेला पाइप आठवा.

आपल्याकडच्या शेतकऱ्याने या भानगडीत न पडता थेट केजीची भाषा धरली, हे मला फार शहाणपणाचे वाटते. ४ केजी म्हणजे चौरस सेंटिमीटरला चार किलो, ढोबळमानाने चाळीस मीटर पाण्याची उंची. आपले मानक ताण कमी धरते आणि तापमान २७ अंश मानते, त्यामुळे आकडा सावध असतो. तरीही ४ केजीची लाइन फुटते. आणि मग पंचवीस मीटर वर पाणी चढवणारा पाटीलभाऊ दुकानात येऊन विचारतो, "शेठ, अडीच केजीचा तर दाब, आणि चारचा पाइप फुटतो कसा?"

फुटतो तो लाइट गेली की. ९० मिलिमीटरचा पाइप, पाच एचपीचा पंप, पाणी सेकंदाला साधारण एक मीटर वेगाने चाललेले. वीज जाते, पाणी दमून थांबते आणि मागे धावते. विहिरीवरचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह उशिरा, खाडकन मिटतो. धावते पाणी एकदम अडले की दाबाचा धक्का बसतो. ४ केजीच्या पाइपची भिंत दोन मिलिमीटरच्या जरा वर. त्यात, परतीचा वेग वाईटात वाईट तेवढाच धरला तर, हा धक्का अडीच केजीच्या आसपास भरतो. आधीचे अडीच, वरचे अडीच, झाले पाच. लगेच फुटतो असे नाही. प्लॅस्टिक महिनोन्महिने मुकाट मार खाते आणि ऐन भरणीच्या वेळी पाइप चिरतो. ६ केजीच्या पाइपची भिंत तीन मिलिमीटरची. ताठ भिंतीत धक्काही थोडा जास्त, तीन केजीच्या वर, पण बेरीज साडेपाच-पावणेसहा. तो तगतो.

फुटलेला तुकडा काय सांगतो तेही पाहून घ्यावे. पाइपच्या लांबीने सरळ चीर गेली असेल तर संशय दाबावर घ्यावा, कारण लांबीच्या दिशेच्या ताणापेक्षा परिघाचा ताण दुप्पट असतो. कपलरमधून निसटला असेल तर सोल्युशन नीट लावलेले नाही. गोल कडे कापल्यासारखी चीर असेल तर खाली दगड आहे किंवा चर खचला आहे, आणि तिथे जाड पाइप टाकूनही पैसे फुकट जातात.

तेव्हा नवी लाइन टाकणार असाल तर विहिरीतल्या पाण्यापासून टाकीपर्यंतची उंची मीटरमध्ये मोजा, तिला दहाने भागा, त्यात तीन मिळवा आणि निदान तेवढ्या केजीचा पाइप मागा. दुकानदार शेड्यूल सांगू लागला, तर पाइपवर दाब किती छापला आहे आणि तो किती अंशांना, एवढे दोनच प्रश्न विचारा.