राशिभविष्य, अधिक जीएसटी

आमच्या आत्याच्या पोस्टपेड बिलात या महिन्यात एक नवी ओळ उगवली : व्हीएएस चार्जेस, ९९ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १७ रुपये ८२ पैसे. न मागितलेल्या सेवेवरही सरकारचा वाटा चुकत नाही! सेवा कसली, तर रोजच्या राशिभविष्याची. आत्या निवृत्त गणित-शिक्षिका. पंचांग ती फक्त सुट्ट्या बघायला उघडते.

तिने कंपनीच्या चौकशीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडचा मुलगा गोड बोलला. ‘मॅडम, चुकून बटण दाबलं गेलं असेल. बंद करून देऊ का?’ गोम इथेच आहे. आपण ‘द्या’ म्हटलं की ती सेवा बंद करण्याची ‘विनंती’ ठरते, तक्रार नव्हे. विनंती पूर्ण झाली, फाइल मिटली आणि ११६ रुपये ८२ पैसे होते तिथेच राहिले. त्या मुलाचा दोष नाही म्हणा, त्याला पडद्यावर दिसतं तेच तो वाचतो.

तक्रारीचा नंबर वेगळा : १९८. तिथे डॉकेट क्रमांक मिळतो, आणि तो मिळेपर्यंत फोन ठेवायचा नाही. आत्याने तिथे ‘मी सेवा घेतली नाही’ एवढंच सांगितलं नाही, कारण त्यावर ‘सिस्टिममध्ये तर दिसतंय’ हे उत्तर तयार असतं. तिने सिस्टिमलाच फळ्यापाशी बोलावलं. २०१३ च्या ट्रायच्या आदेशाप्रमाणे अशी सेवा सुरू करताना ग्राहकाची दोनदा संमती लागते, आणि दुसरी संमती घेणारी यंत्रणा त्रयस्थाच्या मालकीची असावी लागते. म्हणजे नोंद कुठेतरी असलीच पाहिजे. आत्या म्हणाली, ‘दुसरी संमती कोणत्या तारखेला, किती वाजता, कशी घेतलीत ते दाखवा. नसेल तर करासकट पैसे परत करा. सेवा बंद करणं वेगळं, परतावा वेगळा. दोन्ही लिहून घ्या, बाळ.’

बाळाने लिहून घेतलं. चार दिवसांनी ‘तक्रारीचे निराकरण झाले’ असा एसएमएस आला. निराकरण म्हणजे सेवा बंद. परताव्याचं नावही नाही. अशा वेळी बहुतेक जण ‘शंभर रुपयांसाठी कोण डोकं लावणार’ म्हणून सोडून देतात, आणि धंदा त्यावरच चालतो.

आत्याने तोच डॉकेट क्रमांक घालून कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अपील केलं. त्यासाठी ३० दिवसांची मुदत असते आणि फी नसते. निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. ट्रायकडे धावून उपयोग नसतो, तिथे एकेकट्याच्या तक्रारी सोडवत नाहीत. ग्राहक आयोगाची वाट मात्र मोकळी आहे. मोबाइल कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी तिथे चालतात, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिलाय.

अपील दाखल झाल्यावर कंपनीतून फोन आला : ‘मॅडम, सद्भावना म्हणून ९९ रुपये परत करतोय.’

‘आणि १७ रुपये ८२ पैसे?’ आत्याने विचारलं.