सोफ्याचे सत्तावन्न हजार

मेहुण्याने, बंड्याने, आरोग्य विमा काढला आणि त्याचे पेढे घेऊन तो घाटकोपरहून आमच्या मुलुंडला आला. माणूस नोकरीचे पेढे देतो, मुलाचे देतो. विम्याचे पेढे मी प्रथमच खाल्ले. "पाच लाखांची काढली, भावोजी. आता काहीही होऊ दे!"

त्या 'काहीही'ला मी दचकलो. पॉलिसीची चाळीस पानं ही मुख्यतः 'काहीही'तून काय काय वगळलं आहे, हे सांगायलाच छापलेली असतात.

"पुढच्या महिन्यात हर्निया उरकून टाकतो," बंड्या म्हणाला. दोन वर्षं पोट धरून हिंडतोय बिचारा. मी त्याला खाली बसवलं. पहिले 30 दिवस अपघात सोडला तर काहीच मिळत नाही. हर्निया, मोतीबिंदू, मूतखडा अशा ठरावीक दुखण्यांना बहुतेक पॉलिसींत 24 महिने थांबायचं. आणि पॉलिसीच्या आधीपासूनचं दुखणं असेल, तर कंपनी 36 महिन्यांपर्यंत थांबवू शकते. पूर्वी ही मर्यादा 48 होती, 2024मध्ये कमी झाली.

"फॉर्मवर हर्निया लिहिलास ना?"

"फॉर्म एजंटने भरला. मी फक्त सही केली."

फॉर्मची प्रत काढली. आजारांच्या रकान्यात ओळीने 'नाही' होतं. आमची ही आतून म्हणाली, "लग्नाच्या बायोडेटातही याने चष्मा लिहिला नव्हता." पण इथे सासरचे गप्प बसतात तशी कंपनी बसत नाही. दावा आला की ती जुने कागद मागते, आणि त्यात डॉक्टरांनी 'दोन वर्षांपासून त्रास' असं लिहिलेलं निघालं की दावा तर जातोच, पॉलिसीही जाऊ शकते.

मग मी त्याला माझ्या सोफ्याची गोष्ट सांगितली.

तीन वर्षांपूर्वी माझं पित्ताशय काढलं. पॉलिसी जुनी, मुदती सगळ्या उलटलेल्या, म्हणून मी निर्धास्त. ॲडमिशनच्या आधी टीपीएच्या खिडकीवर कार्ड, आधार आणि डॉक्टरांची चिठ्ठी दिली. त्यांनी कॅशलेसचा फॉर्म भरून कंपनीला पाठवला. इथवर सगळं सुरळीत. मग काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "रूम कुठली?" माझ्या पाच लाखांच्या पॉलिसीत खोलीभाडं दिवसाला एक टक्का, म्हणजे 5000. त्या दराची खोली रिकामी होती, पण तिच्यात भेटायला येणाऱ्यांसाठी एकच स्टूल. 8000च्या खोलीत सोफा! डोंबिवलीहून आत्या येणार, बोरिवलीहून साडू सहकुटुंब येणार. त्यांना काय स्टुलावर आळीपाळीने बसवायचं? तीन हजारांचा फरक, दिवस चार, म्हणजे बारा हजार. मी उदारपणे म्हटलं, "द्या सोफा."

बिल झालं दोन लाख. मी खिशात बारा हजार घेऊन बसलो होतो, आणि कागद आला साठ हजारांचा.

त्याचं असं झालं. खोलीचे 32 हजार होते, त्यातले 20 मिळाले. हे मला मान्य. पण सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर आणि डॉक्टरांच्या भेटी यांचे 1 लाख 20 हजारही कंपनीने त्याच पाच-अष्टमांश हिशेबात कापले आणि 75 हजार मंजूर केले. म्हणजे 45 हजारांचा खड्डा. याला प्रमाणशीर कपात म्हणतात. महाग खोली घेतली की तोच सर्जन त्याच सुरीचे जास्त पैसे लावतो, तो वाढीव भार आम्ही का उचलायचा, असं कंपनीचं म्हणणं. तर्क आहे, नाही असं नाही. औषधं आणि तपासण्या यांचे 45 हजार मात्र पूर्ण मिळाले, त्यांना ही कात्री लागत नाही. उरलेले तीन हजार हातमोजे, मास्क वगैरेंचे. ते सहसा मिळत नाहीत. हातमोज्यांचे तीन हजार सोडा, सोफ्याचे सत्तावन्न हजार पडले. आणि आत्या आल्याच नाहीत. त्यांनी फोनवर विचारपूस केली.

बंड्याने पेढा खाली ठेवला आणि स्वतःची पॉलिसी उघडली. अकराव्या पानावर तोच एक टक्का!

"मग आता?"

पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून 30 दिवस विचाराला मिळतात. तेवढ्यात हर्निया आणि जे काही असेल ते कंपनीला लेखी कळवायचं, थोडा जास्त हप्ता भरून खोलीभाड्याची अट काढून मिळते का ते विचारायचं, आणि नाही जमलं तर पॉलिसी परत करायची. उलटलेल्या दिवसांचा हप्ता, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांकाचा खर्च कापून उरलेले पैसे परत येतात.

बंड्याने कुरियरचं पाकीट शोधून तारीख पाहिली. बारा दिवस झाले होते, अठरा बाकी होते.