सायंकाळी सहा (18.00) वाजता

सोसायटीचा सेक्रेटरी दोन प्रकारचा असतो. पहिला निवडून येतो आणि दुसऱ्या दिवसापासून लिफ्टने न जाता जिन्याने जातो, म्हणजे कुणी गाठू नये. दुसरा लिफ्टच्या दारात उभा राहून आपल्यालाच गाठतो. आमचे सचिवकाका या दुसऱ्या प्रकारातले. डोंबिवलीतल्या आमच्या अठ्ठेचाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीत त्यांना नावाने हाक मारणारं आता फक्त त्यांच्या घरातच कुणी उरलं असेल. बाकी सगळ्यांसाठी ते सचिवकाका, आणि त्यांचं जीवितकार्य म्हणजे मीटिंगची नोटीस.

काका रेल्वेत कंट्रोल ऑफिसात होते. गाड्यांच्या वेळा बघण्यात नोकरी गेली. त्यामुळे जगातली निम्मी दुःखं ही वेळ नीट न सांगितल्यामुळे होतात असं त्यांचं ठाम मत आहे. उरलेली निम्मी ठिकाण नीट न सांगितल्यामुळे. मध्यरात्री शून्य वाजून दहा मिनिटांनी सुटणारी गाडी पकडायला पंधरा तारखेचं तिकीट घेऊन पंधराच्या रात्री साडेअकराला स्टेशनवर आलेली कुटुंबं त्यांनी पाहिली आहेत. गाडी आदल्या रात्रीच गेलेली. लोक स्टेशन मास्तरांशी भांडत, पण तिकीट बरोबरच असे. तेव्हापासून काकांनी 'रात्री बारा' हे शब्द तोंडातून काढलेले नाहीत.

त्यांच्या आधीच्या सेक्रेटरींची नोटीस मला अजून पाठ आहे. 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की येत्या रविवारी सा. 7 वा. मीटिंग आहे. सर्वांनी वेळेवर यावे.' फळ्यावर खडूने. आता ही नोटीस शनिवारी लावली तर येता रविवार म्हणजे उद्या. सोमवारी वाचली तर तो पुढच्या आठवड्यातला. आणि ती पुसायची आठवण कुणाला नसल्यामुळे दर आठवड्याला एक नवा 'येता रविवार' तयार होत असे. त्यातच पावसाळी हवेने, किंवा बॉल खेळणाऱ्या पोरांच्या पाठीने, 'सा.'चा काना पुसला गेला. उरलं 'स. 7'. दुसऱ्या मजल्यावरचे एक अण्णा सकाळी सातला इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले आणि दूधवाल्याला विचारू लागले, "बाकीचे कुठे आहेत?" काका तेव्हा नुसते सभासद होते. पण ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज अजूनही बदलतो. एका कान्यावर संध्याकाळ लटकवणं त्यांना माणुसकीला धरून वाटत नाही.

पण काकांना खऱ्या अर्थाने सेक्रेटरी केलं ते 2024 सालच्या वार्षिक सभेने. त्या नोटिशीवर छापलं होतं, 'रविवार, दि. 28 सप्टेंबर 2024'. अठ्ठावीस तारखेला त्या वर्षी शनिवार होता. वार मानणारे रविवारी आले, तारीख मानणारे शनिवारी. शनिवारच्या मंडळींनी पाहुण्यांच्या गाड्यांना पार्किंगचे पैसे लावायचं एकमताने ठरवलं. रविवारच्या मंडळींनी ते तितक्याच एकमताने फेटाळलं. दोन्ही दिवशी चहा झाला, दोन्ही चहांची बिलं सोसायटीच्या खात्यावर लागली. पुढचे दोन महिने जिन्यात माणसं 'शनिवारवाले' आणि 'रविवारवाले' म्हणून ओळखली जात. शेवटी समिती बदलली आणि काका आले.

आल्याबरोबर त्यांनी आपलं तत्त्व जाहीर केलं : प्रत्येक गोष्टीला दोन साक्षीदार. नुसती तारीख नाही, वारही. नुसता वार नाही, तारीखही. म्हणजे एकात चूक झाली तर दुसरा बोंब मारेल. "पण काका," मी म्हटलं, "गेल्या वर्षी दोन्ही होतेच की, म्हणून तर घोळ झाला." काका शांतपणे म्हणाले, "साक्षीदार भांडले, ही साक्षीदारांची चूक नाही. त्यांना नोटीस काढण्यापूर्वी समोरासमोर उभं करायचं असतं." म्हणजे कॅलेंडर उघडून बघायचं. इतकं साधं काम, पण कालनिर्णय भिंतीवर असलेल्या अठ्ठेचाळीस घरांपैकी कुणीही ते केलं नव्हतं.

महिना ते आकड्यात लिहीत नाहीत. आमच्याकडे एक फ्लॅट न्यू जर्सीत राहणाऱ्या मालकांचा आहे, त्यांनी एकदा '7/9'ची सभा जुलैतच होऊन गेली असं समजून इतिवृत्ताची प्रत मागवली होती. वेळेलाही दोन साक्षीदार. नुसतं '6' लिहिलं तर सकाळचे की संध्याकाळचे, नुसतं '18.00' लिहिलं तर निम्मी जनता त्यातला एक गाळून आठ वाजता येते. म्हणून 'सायंकाळी सहा (18.00) वाजता'. अक्षरात एकदा, आकड्यात एकदा. 'ठीक सहा' मात्र लिहीत नाहीत. ते म्हणतात, 'ठीक' लिहिलं की लोकांना वाटतं एरवीचे सहा बेठीक असतात.

ठिकाणावरून समितीत मोठा वाद झाला. अध्यक्षांचं म्हणणं, 'गच्चीवर, पाऊस आल्यास पार्किंगमध्ये' असं लिहू. काकांनी विचारलं, "पाऊस आला हे कुणी ठरवायचं?" भुरभुर म्हणजे पाऊस का? 'ए' विंगच्या बाजूला पडला आणि 'बी'च्या बाजूला नाही, तर? अर्धे गच्चीवर छत्र्या घेऊन आणि अर्धे पार्किंगमध्ये खुर्च्यांवर, असं चित्र सगळ्यांना दिसलं. शनिवार-रविवारच्या आठवणी ताज्या होत्या. पार्किंग ठरलं. मग पार्किंग कुठलं, कारण ते दोन आहेत. मग 'बी' विंगचं. मग त्यात कुठे, कारण ते इंग्रजी एलसारखं वळतं आणि एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला जात नाही.

आता 2025च्या सप्टेंबरकडे वळू. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं, तिथून सहा महिन्यांत वार्षिक सभा घ्यावी लागते, म्हणजे 30 सप्टेंबरच्या आत. काका ऑगस्टमध्येच कॅलेंडर घेऊन बसले. नोकरदारांचं गाव, त्यामुळे रविवार हवा. सकाळ-दुपार मेगाब्लॉकच्या नावाने ओरड होते, तेव्हा संध्याकाळ हवी. 7 सप्टेंबरला खग्रास चंद्रग्रहण, वेध दुपारपासून. काकू स्पष्ट नाही म्हणाल्या. 14 तारखेला आशिया चषकात भारत-पाकिस्तान, दुबईत, आपल्याकडे रात्री आठला. 21 तारखेला सर्वपित्री अमावास्या. उरला 28. त्या दिवशी स्पर्धेचा अंतिम सामना होता, तोही आठला, पण त्यात कोण येणार हे ऑगस्टमध्ये ब्रह्मदेवालाही ठाऊक नव्हतं. काकांनी तो धोका पत्करला.

वार्षिक सभेला पूर्ण चौदा दिवसांची नोटीस लागते. काकांचा या 'पूर्ण'वर विशेष जीव. नोटीस देण्याचा दिवस धरायचा नाही, सभेचा दिवस धरायचा नाही, मधले चौदा मोजायचे. 28 सोडला तर मागे 27 पासून 14 पर्यंत चौदा दिवस होतात, म्हणून नोटीस 13 सप्टेंबरच्या आत घराघरात पोचली पाहिजे. काकांनी ती 11 तारखेला पोचवली. प्रत्येक घरी स्वतः, सही घेऊन. आमच्या वहिनी म्हणाल्या, "काका, फळ्यावर लावली असती तरी चाललं असतं." काका म्हणाले, "फळ्यावर लावलीच आहे. हा दुसरा साक्षीदार."

तिच्यातला मुख्य मजकूर असा होता :

'संस्थेच्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की, संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवार, दिनांक 28 सप्टेंबर 2025 रोजी सायंकाळी सहा (18.00) वाजता संस्थेच्या आवारातील "बी" विंगच्या तळमजल्यावरील पार्किंगमध्ये, पाण्याच्या पंपाच्या खोलीसमोर, खालील विषयांवर विचार करण्यासाठी भरेल. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, सायंकाळी सहा वाजून पस्तीस मिनिटांनी (18.35) भरेल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.'

यातली शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. आमच्या सभेला दोनतृतीयांश किंवा वीस, यातला कमी असेल तो आकडा लागतो, म्हणजे वीस. अर्धा तास थांबूनही वीस डोकी जमली नाहीत तर सभा तहकूब. तिची नंतरची वेळ मूळ नोटिशीतच लिहिलेली असेल तर ती त्याच दिवशी घेता येते, आणि मग सहा माणसांवरही काम चालतं. लिहिलेली नसेल तर किमान सात दिवस पुढे. इथे 28 अधिक सात म्हणजे ऑक्टोबर, आणि ऑक्टोबर म्हणजे मुदत गेली. बहुतेक सोसायट्या साडेसहा लिहितात. काका पस्तीस लिहितात, कारण अर्धा तास संपल्याशिवाय तहकूब करता येत नाही आणि तहकूब करायला, त्यांच्या मते, पाच मिनिटं लागतात.

दुष्परिणाम एकच. सभासद पहिली वेळ वाचतच नाहीत. सगळ्यांना माहीत आहे की खरी सभा पस्तीसची. त्यामुळे सहा ते साडेसहा काका पंपाच्या खोलीसमोर हजेरीपट घेऊन, चाळीस रिकाम्या खुर्च्यांसमोर, एकटे बसतात. टाइमटेबलवर श्रद्धा असलेल्या माणसासारखे अजिबात न चिडता.

पण 25 तारखेच्या रात्री पाकिस्तानने बांगलादेशला हरवलं आणि अंतिम सामना भारत-पाकिस्तान ठरला. रात्री बाराच्या आत (काका म्हणतील, 23.40 वाजता) त्यांना फोन सुरू झाले. सभा पुढे ढकला. काकांनी एकेकाला चौदा दिवस मोजून दाखवले. मग बाहेर असलेले सभासदही कामाला लागले, आणि आमच्या इमारतीच्या इतिहासात प्रथमच 28 तारखेला सहा वाजून दहा मिनिटांनी तेवीस माणसं जमली. सगळ्यांना आठच्या आत सुटायचं होतं. हिशेब मंजूर, लेखापरीक्षकांची नेमणूक मंजूर, पाहुण्यांच्या पार्किंगचे पैसेसुद्धा मंजूर. शनिवारवाले आणि रविवारवाले एकाच हाताने. ऐनवेळच्या विषयांत कुणीही तोंड उघडलं नाही. इतिवृत्तात नोंद आहे : सभा सायंकाळी सात वाजून एकेचाळीस मिनिटांनी (19.41) आभार मानून संपली.

आठ वाजून पाच मिनिटांनी काकांचा फोन वाजला. 'ए' विंगच्या तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ. "काका, मी खाली आलोय, कुणीच नाही. आठलाच होती ना सभा?"

"नोटीस वाचली होती का तुम्ही?"

"नाही हो. आमच्या विंगच्या ग्रुपवर आलं होतं, '28 ला 18 ला मीटिंग, खाली'."

चार शब्दांत दोन्ही साक्षीदार गायब. काकांनी त्या रात्री मॅच पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी, सोमवार, दिनांक 29 सप्टेंबर 2025 रोजी सकाळी नऊ (09.00) वाजता फळ्यावर आणि दोन्ही विंगच्या ग्रुपवर एक पूर्ण पानाचं परिपत्रक आलं : सभेच्या नोटिशीचा सभासदांनी परस्पर सारांश करू नये. पाच मुद्दे, खाली सही, शिक्का.

सव्वानऊच्या आत आमच्या ग्रुपवर त्याचा सारांश आला : 'काका चिडलेत.'