नोंद घेण्यात आली

गृहनिर्माण संस्थेच्या सेक्रेटरीपदावर नुकत्याच बसलेल्या माणसाने आधी क्रियापदे शिकावीत, हिशेब मागाहून येतात. समजा, गच्चीवरची टाकी गळते आहे आणि चौथ्या मजल्याचा तक्रार-अर्ज कमिटीपुढे आला आहे. 'अर्जाची नोंद घेण्यात आली' असे लिहावे. वाक्यात कर्ता नाही, त्यामुळे प्लंबरला फोन कोण करणार हा प्रश्नच उरत नाही. अर्ज वाचला, एवढीच कबुली. मात्र या निरुपद्रवी वाक्याला एक काटा आहे. पुढे स्लॅबचा तुकडा खाली आला, तर 'आम्हाला ठाऊकच नव्हते' म्हणण्याची सोय त्याने संपवलेली असते. नोंद काम करायला बांधत नाही, पण ठाऊक असल्याचा पुरावा होते.

'दुरुस्ती आवश्यक असल्याचे मान्य करण्यात आले' हे त्याहून गोड. सगळ्यांचे मत जुळले. पैसे, माणूस, तारीख यांचे नाव नाही. काम खरोखरच व्हायला हवे असेल (असेही सेक्रेटरी असतात) तर ठराव लिहावा लागतो: तीन कोटेशनांपैकी अमुक ठेकेदाराचे ८४,००० रुपयांचे स्वीकारावे, खर्च दुरुस्ती निधीतून करावा, काम ३१ मेपूर्वी खजिनदारांनी करून घ्यावे, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, बाजूने इतके, विरोधात इतके. विरोध करणाऱ्याचे नाव तो मागेल तर जरूर घालावे, कारण उद्या जबाबदारी वाटली जाईल तेव्हा त्याला तेवढीच ओळ दाखवता येते. 'मंजूर' हा शब्द दुसऱ्याने मांडलेल्या गोष्टीला होकार देतो, म्हणून कशाला ते लिहिलेच पाहिजे. नुसते 'कोटेशन मंजूर' लिहिले की ठेकेदार त्यात जीएसटीही मंजूर झाला असे वाचतो. शिवाय रक्कम उपविधीतल्या कमिटीच्या खर्चमर्यादेबाहेर असेल, तर कमिटीने कितीही मंजूर केले तरी विषय सर्वसाधारण सभेपुढे न्यावाच लागतो.

'मागील इतिवृत्त कायम करण्यात आले' याचा अर्थ मागच्या वेळी असे ठरले होते हे बरोबर उतरवले आहे, इतकाच. तो निर्णय शहाणपणाचा होता, असा नव्हे.

यावर कोणी म्हणेल, शब्दांचा एवढा कीस कशाला, सभेचा हेतू तर सगळ्यांना कळला होता. कळला होताच, पण चेकवर सही करणाऱ्या खजिनदारापुढे हेतू नसतो, इतिवृत्ताचे रजिस्टर असते, आणि पुढच्या वर्षी ऑडिटरपुढेही तेच. सभेला हजर असलेल्यांच्या आठवणींचे एकमत तर चहा संपेपर्यंतच असते. दुसरा आक्षेप खरा आहे: प्रत्येक बाबीचा ठराव केला तर सभा मध्यरात्री संपेल. म्हणून महापालिकेच्या पाणीकपातीच्या पत्रकाला, आभाराच्या पत्राला 'नोंद' अगदी योग्य. गळणाऱ्या टाकीला नव्हे. तरी अनुभवी सेक्रेटरी दोन्हींना एकाच पेनने तेच शब्द लिहितो, आणि चौथ्या मजल्याच्या बादलीत थेंब पडत राहतो.