तीस मिनिटांचा अर्जदार

गुंतवणूकदाराकडे अर्ध्या तासाची भेट मागणारा छोटा संदेश आणि सोबत जोडलेलं एक पानी टिपण, या दोन गोष्टींवर आशा टांगून बसलेला एक माणूस कल्याणच्या पुढे कर्जत मार्गावर हमखास आढळतो. त्याला फाउंडर म्हणतात. याच पट्ट्यात पूर्वी त्याला कारखानदार म्हणत. फरक एवढाच, की कारखानदार आधी शेड बांधत असे आणि मग कर्ज मागत असे.

या माणसाचे गावागणिक प्रकार पडतात. उल्हासनगरचा फाउंडर गल्ल्यामागे वाढलेला असतो. त्याला नफा तोंडी सांगता येतो, कागदावर मांडायचा म्हटलं की संकोच होतो. अंबरनाथचा आठ-दहा वर्षं एमआयडीसीत काढून आलेला असतो. त्याला यंत्राची अडचण कळते, पण ती दोन ओळींत सांगता येत नाही. बदलापूरच्याने आयटीतली नोकरी अजून सोडलेली नसते, म्हणून तो संदेश रात्री साडेअकरानंतर पाठवतो. सहीखाली मात्र तिघेही ‘मुंबई’ लिहितात.

संदेशाचा पहिला खर्डा लोकलमध्ये होतो. अंबरनाथचा फाउंडर सकाळी आधी डाऊन गाडीने बदलापूरला जातो, कारण तीच गाडी तिथून उलटी फिरते आणि बसायला जागा मिळते. खिडकी पकडून तो मोबाइलवर लिहू लागतो. अंबरनाथ पुन्हा येईपर्यंत ‘आदरणीय महोदय’ झालेलं असतं, ठाण्यापर्यंत चारशे शब्द होतात, आणि घाटकोपरला कोणाची तरी बॅग अंगठ्यावर आपटून अर्धवट मजकूर पाठवला जातो. तो चुकून गेलेला मजकूर पुढच्या पूर्ण मजकुरापेक्षा बरा असतो, कारण तो निदान लहान असतो.

असाच एक खर्डा जवळून पाहण्यासारखा आहे. धंदा जॉबवर्कचा. आनंदनगर एमआयडीसीतला कारखाना सुटे भाग प्लेटिंगला किंवा टर्निंगला बाहेर पाठवतो, सोबत चलन जातं. जीएसटीच्या नियमाप्रमाणे असा कच्चा माल वर्षभरात परत आला नाही, तर तो पाठवला त्या दिवशीच विकला असं धरलं जातं आणि कर व्याजासकट भरावा लागतो. चलनबुक स्टोअरकीपरच्या टेबलाखाली असतं, स्टोअरकीपर गावी असतो. कोणाकडे किती माल कधीपासून पडला आहे, हे मोबाइलवर दाखवणारं ॲप या फाउंडरने केलं आहे. अडचण खरी आहे आणि तोडगाही.

खर्ड्यात यातलं काहीच नव्हतं. देशात सहा कोटींवर लघुउद्योग आहेत, त्यातले फक्त एक टक्का मिळाले तरी वर्षाला 1,080 कोटी, असा हिशेब होता. महिना 1,500 रुपये, गुणिले बारा, गुणिले सहा लाख: गुणाकार बिनचूक आहे. गुंतवणूकदार तिथेच वाचणं थांबवतो, कारण हा ‘फक्त एक टक्का’ त्याच्याकडे रोज नव्या माणसाकडून येतो. खाली ‘प्लॅटफॉर्मवरून वर्षाला 40 कोटींची उलाढाल’ असं वाक्य होतं. ती उलाढाल चलनांवर लिहिलेल्या मालाची होती. ॲपच्या खिशात त्यातली दमडीही पडत नव्हती. शेवटी, कल्पना गुप्त राहावी म्हणून आधी करारावर सही करण्याची विनंती होती. पहिल्या भेटीआधी अशी सही गुंतवणूकदार सहसा करत नाहीत; एकाच कल्पनेचे चार जण त्यांना महिन्याभरात भेटतात.

हा खर्डा बहुधा घरातच सुधारतो. उल्हासनगरच्या कॅम्प नंबर दोनमध्ये दुकान असलेले मामा तो वाचतात आणि तीन प्रश्न विचारतात: गिऱ्हाईक किती, महिन्याला हातात काय येतं, आणि सोडून कोण गेलं? मामांनी पिच डेक हा शब्द ऐकलेला नसतो. त्यांना डेक म्हणजे टेपरेकॉर्डर. पण या तीन उत्तरांपलीकडे पहिल्या संदेशात फारसं काही लागत नाही. सुधारलेला मजकूर असा झाला:

“नमस्कार. अंबरनाथ-बदलापुरातले 34 कारखाने जॉबवर्कला गेलेला माल आमच्या ॲपवर मोजतात आणि महिना 1,500 रुपये देतात. सहा महिन्यांपूर्वी ते 9 होते. तीन सोडून गेले, कारण पानावर दिलं आहे. पुढच्या 18 महिन्यांसाठी 75 लाख उभे करत आहोत. मंगळवारी किंवा गुरुवारी दुपारी 30 मिनिटं मिळतील का? एक पानी टिपण जोडलं आहे.”

‘सोडून गेले’ हे वाक्य काढावं म्हणून फाउंडर दोन दिवस भांडला. ते राहिलं हे बरं झालं, कारण भेटीत पहिला प्रश्न त्यावरच येतो, आणि ज्याने स्वतःहून सांगितलं त्याच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो. कंपनीची किंमत मात्र संदेशात लिहीत नाहीत. दुकानातही भाव गिऱ्हाईक आत आल्यावर सांगतात.

एक पानी टिपण हे नावाला एक पान असतं. नवखा फाउंडर अक्षर सहा पॉइंटचं करून तीन पानं त्यात कोंबतो, कडेला सल्लागारांचे गोल फोटो लावतो आणि फाइलला `Final_Final2.pdf` नाव देतो. दुसरा ड्राइव्हची लिंक पाठवतो आणि ती उघडण्याची परवानगी द्यायला विसरतो. खरी परीक्षा सोपी आहे: पान मोबाइलवर, बोटांनी मोठं न करता वाचता येतं का? वर अडचण दोन ओळींत, मग तोडगा, मग कमाईचा आकडा. तो इथे महिना 51,000 एवढाच निघतो. तो लिहिताना फाउंडरला लाज वाटते, चाळीस कोटी लिहिताना वाटली नव्हती. त्याखाली सोडून गेलेल्या तिघांचं कारण: तिघांचेही अकाउंटंट बदलले आणि नव्याने पुन्हा एक्सेल उघडलं. म्हणजे ॲप मालकाने घेतलं तरी टिकवणारा माणूस टेबलापलीकडचा आहे, ही पानावरची सर्वांत मोलाची माहिती. तळाला पैशांचा उपयोग. 75 लाख भागिले 18, महिना साधारण चार लाख सोळा हजार. त्यात दोन प्रोग्रॅमर, दारोदार फिरणारे दोघे, आणि स्वतःचा पगार. स्वतःचा पगार हा लिहून ठेवतो, बदलापूरचा लपवतो.

पाठवण्याची पद्धतही वर्तनाचा भाग आहे. साठ जणांना एकदम पाठवून सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दाखवणारा फाउंडर एका दुपारीत साठ दारं बंद करून घेतो. जाणता एकेकाला पाठवतो, आणि शक्यतो ओळखीच्या माणसामार्फत. ती ओळख बहुधा अशा कोणाची असते, ज्याच्या धंद्यात गुंतवणूकदाराने आधी पैसे घातले आहेत आणि जो अजून त्याचा फोन उचलतो. उत्तर नाही आलं तर सात-आठ दिवसांनी एकच आठवण, त्यातही नवा आकडा: 34 चे 37 झाले. ‘माझा मेल मिळाला का?’ हा नवा आकडा नव्हे.

मधल्या दिवसांत फाउंडर निळ्या टिका मोजतो आणि घरी कोणी विचारलं तर ‘प्रोसेसमध्ये आहे’ म्हणतो. मग एका दुपारी उत्तर येतं: ‘गुरुवार, 4 वाजता, बीकेसी.’ तीस मिनिटांसाठी जाऊन-येऊन चार तास, कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षा. लगेच हो म्हटलं तर आपण रिकामे दिसू, निदान तासभर थांबावं, असं त्याने आधीच ठरवलेलं असतं. उत्तर चाळीस सेकंदांत जातं.